पाणी उकळूनही घरात पुन्हा पुन्हा जुलाब? रात्रीचं मोठं पातेलं तपासा

तक्रार साधारण अशी असते. एकत्र कुटुंब, पंधरा-वीस माणसं. महिन्यातून एकदा-दोनदा चार-सहा जणांना एकाच वेळी पोटात मुरडा येतो, पातळ जुलाब होतात. ताप नसतो, उलट्या फारशा नसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत माणूस उठून बसतो. गोळ्या येतात, प्रकरण विसरलं जातं आणि काही दिवसांनी तेच पुन्हा. आपल्याकडे मराठवाड्यात पहिला संशय पाण्यावर जातो, आणि तो बरोबरच आहे. टँकरचं पाणी, आठवड्याने येणारा नळ, साठवलेले ड्रम, तळ गाठलेली विहीर, हे सगळं आपण रोज बघतो. पण पाणी नीट करूनही त्रास थांबत नसेल, तर पुढे काय तपासायचं ते एका घराच्या उदाहरणावरून सांगते. मी आरोग्यसेविका आहे. हे घर माझ्या उपकेंद्राच्या गावात, वसमत तालुक्यात आहे.

घरात एकोणीस माणसं. स्वयंपाकाला मावशी, गल्लीतल्याच. घरातल्या सुना शेतात जातात, म्हणून दोन्ही वेळचा स्वयंपाक कित्येक वर्षं मावशींकडे. हाताला चव अशी की पाहुणा त्यांच्या येसर आमटीसाठी मुक्काम वाढवतो. त्यामुळे पोटं बिघडायला लागली तेव्हा घरातलं कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण कुजबुज सुरू झाली आणि मावशींच्या ती कानावर गेली. मी गेले तेव्हा त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, "ताई, पाणी तर उकळूनच द्यायलेय म्या. रांजणात कुणाला हात घालू देत नाही, ओगराळ्यानं काढून देते. मग कामून होतंय हे?"

प्रश्न रास्त होता. मी पाणी तपासलं. रांजण झाकलेला, ओगराळं खुंटीला टांगलेलं, वापराच्या टाकीत मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पडत होतं. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने ओटी टेस्ट केली, पाणी पिवळं झालं, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक होतं. (एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फार घरांत चुकते. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण पाणी नितळ दिसलं म्हणून जंतू मेले असं होत नाही. तुरटीनंतरही उकळणं किंवा क्लोरीन लागतंच.)

कोण आजारी पडलं यापेक्षा कोण पडलं नाही ते विचारा

पाण्यात दोष असेल तर तो घरभर पसरतो. पाणी सगळेच पितात, आणि लहान मुलं व म्हातारी माणसं आधी कोलमडतात. इथे उलटं होतं. सत्तरी ओलांडलेले आजोबा आणि अडीच वर्षांची नात दोघं प्रत्येक वेळी ठणठणीत. आजारी पडायचे ते धडधाकट पुरुष आणि शेतात जाणाऱ्या दोन जावा. एकदा तर त्यांच्याकडे हळद शिजवायला आलेल्या मजुरांपैकीही तिघांची पोटं बिघडली होती. ते मजूर पाणी आपल्या घरून आणायचे.

मग वेळा विचारल्या. थोरल्या सूनबाईंना नीट आठवत होतं. मुरडा रात्री आठ-दहाच्या सुमाराला सुरू व्हायचा. त्या दिवशी दुपारी काय खाल्लं? बाराच्या सुमाराला शेतात डबा. डब्यात काय? भाकरी आणि आदल्या रात्रीची आमटी. रविवार असेल तर मटणाचा रस्सा. आजोबा आणि नात मात्र दुपारी घरी ताजं वरण-भात खायचे.

आणखी एक धागा मिळाला. तीच आमटी रात्री सगळ्या घराने गरम गरम खाल्लेली असायची, आणि त्या जेवणाने कुणालाच काही झालेलं नव्हतं. पातेलं तेच, हात तेच, मसाला तोच. बिघाड झाला तो रात्रीचं जेवण आणि दुसऱ्या दिवशीची दुपार यांच्या मध्ये कुठेतरी.

तुमच्या घरी हे करून बघायचं असेल तर खाणं आणि त्रास यांतलं अंतर तासांत काढा. खाल्ल्यानंतर एक ते सहा तासांत उलट्याच जास्त झाल्या, तर उरलेला भात किंवा रांधणाऱ्याच्या बोटावरची जखम, गळू यांच्याकडे बघा. साधारण सहा ते सोळा तासांनी मुरडा आणि जुलाब, ताप नाही, एक-दोन दिवसांत आराम, हे या घरातल्यासारखं चित्र असेल तर मोठ्या भांड्यात हळूहळू निवलेलं अन्न हा पहिला संशयित. ताप, अंग मोडून येणं, शौचाला रक्त किंवा दोन-तीन दिवस लांबलेला त्रास असेल तर ही वाट सोडा आणि डॉक्टर गाठा. ही वेळेची गणितं ढोबळ आहेत. नेमका कुठला जंतू ते प्रयोगशाळेशिवाय कुणी सांगू शकत नाही. पण कुठे शोधायचं ते यातून कळतं.

पातेल्यात रात्रभर काय होतं

मावशींची रीत अशी होती. हळदीच्या दिवसांत मजुरांसाठीही कालवण लागायचं, म्हणून दीड किलो तुरीची डाळ शिजवून बारा लिटरच्या आसपास आमटी एकदाच करायची. नऊ-साडेनऊला जेवणं झाली की निम्म्याहून जास्त उरलेलं पातेलं झाकण घालून विझत्या चुलीवर तसंच ठेवायचं. "निखाऱ्यावर राहिलं की नासत नाही," हे त्यांच्या सासूने शिकवलेलं. सकाळी खालून थोडा जाळ लावून आमटी कोमट करायची आणि डबे भरायचे.

मी पाककृतीसाठी मिळतं ते टोकदार तापमापक घेऊन गेले आणि रात्री पातेल्याच्या मधोमध बुडवलं. साडेनऊला ९४ अंश. मग घरातला कॉलेजात जाणारा मुलगा जागा राहिला, त्याने आकडे लिहून ठेवले. साडेबाराला ६५. अडीचला ५४. सकाळी साडेसहाला ४२. बाहेर पहाट गार झालेली असताना पातेल्याच्या पोटात अजून ४२ अंश होते.

५ ते ६० अंश हा जंतूंच्या वाढीचा टप्पा धरतात. त्यातही मोठ्या भांड्यातल्या रश्शात वाढणारा क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जंतू चाळिशीच्या थोडा वर, ४३ ते ४७ अंशांच्या आसपास सगळ्यात जोरात वाढतो. त्याचे बीजाणू मातीत असतात, मसाल्यात असतात, मटणात असतात. बीजाणू म्हणजे जंतूचं जाड कवचातलं झोपलेलं रूप. आमटी खदखदून उकळली की बाकीचे जंतू मरतात, हे बीजाणू मरत नाहीत. उलट उकळण्याने रश्शातली हवा निघून जाते, आणि या जंतूला हवा नकोच असते. आमटी पन्नाशीच्या खाली आली की ते जागे होतात. अनुकूल तापमानात दहा-पंधरा मिनिटांत एकाचे दोन होतात. दहा वेळा दुप्पट झाले की एकाचे हजार, आणि त्याला दोन-अडीच तास पुरतात. या पातेल्याला मात्र पहाटे साडेतीन-चारपासून दुपारी बारापर्यंत वेळ मिळत होता, कारण सकाळी कोमट केलेली आमटी डब्यातही त्याच तापमानात राहायची. एप्रिलच्या उन्हात बांधावर ठेवलेला डबा निवणार तरी कसा?

लहान कुटुंबात हे क्वचित का होतं, तेही यातच आलं. दोन लिटरचं पातेलं तासा-दीड तासात निवतं आणि बहुतेक वेळा रात्रीच संपतं. बारा लिटरची उष्णता रात्रभर बाहेर पडत राहते. चुलीवरच्या निखाऱ्यांनी अन्न गरम राहत नव्हतं, ते फक्त जंतूंना आवडेल इतकं उबदार राहत होतं. साठ अंशांच्या वर ठेवायचं तर खाली सतत जाळ हवा. विझत्या निखाऱ्याला ते जमत नाही.

वास येत नाही, तार सुटत नाही, चव बदलत नाही. म्हणून मावशींना कधी कळलंच नाही. "आंबली असती तर म्या फेकली असती ना ताई," त्या म्हणाल्या. खरंच फेकली असती. आंबवणारे जंतू वेगळे आणि आजारी पाडणारे वेगळे, त्यामुळे नाकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही.

काय बदललं

मी आधी सुचवलं ते थंड करण्याचं. उरलेली आमटी पातेल्यात ठेवायची नाही. जेवणं आटोपल्यावर लगेच दोन मोठ्या पराती घ्यायच्या, त्यांत दोन बोटं उंचीएवढीच आमटी ओतायची, पराती पाणी भरलेल्या घंगाळात टेकवायच्या आणि मधून मधून पळीने हलवायचं. वर जाळी किंवा पातळ फडकं, घट्ट झाकण नको. आम्ही मोजलं, तासाभरात आमटी पस्तिशीला आली. मग झाकणाच्या डब्यांत भरून फ्रीजमध्ये. घंगाळातलं पाणी दुसऱ्या दिवशी भांडी विसळायला वापरलं, कारण त्या घरात पाणी ओतून देण्याची चैन नाही.

दोन दिवस हे झालं. तिसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "एवढ्या राती मी घंगाळ भरत बसू का, ताई? आन् फ्रीजात जागा कुठंय?" फ्रीज लहान, त्यात दूध, दही, मुलाची औषधं. शिवाय गरम भांडी कोंबली की आतलं सगळंच उबतं. मग त्यांनीच मार्ग काढला, आणि तो माझ्यापेक्षा चांगला होता. "उरलंच नाही तर गार काय करायचं?"

आता रात्री सातशे ग्रॅम डाळीचीच आमटी होते आणि ती संपते. डब्याला सकाळी कोरडं कालवण जातं: शेंगदाण्याची चटणी, ठेचा, कधी धपाटे, कधी परतलेली भाजी. भाकरी आणि कोरड्या चटणीत ओल कमी असते, त्यामुळे ती दुपारपर्यंत सुखाने टिकते. ज्या दिवशी मजुरांना पातळ कालवण द्यायचंच असतं, त्या दिवशी मावशी पहाटे डाळ कुकरला लावतात. येसर तयार असल्याने फोडणी आणि एक उकळी एवढंच काम उरतं. आमटी उकळती असतानाच थर्मासच्या डब्यात भरतात. तो डबा आधी उकळत्या पाण्याने विसळलेला असतो, काठोकाठ भरलेला असतो आणि जेवायच्या वेळेपर्यंत उघडायचा नाही. साध्या स्टीलच्या डब्यात पातळ कालवण आता जात नाही.

कुणी म्हणेल, सकाळी चांगली उकळी आणली तर? उरलेलं अन्न खायचंच असेल तर उकळी हवीच. नुसतं कोमट करणं सगळ्यात वाईट. ढवळत ढवळत खदखदेपर्यंत तापवा आणि लगेच खा. या जंतूच्या बाबतीत तेवढ्याने वाढलेले जंतू मरतात. पण बीजाणू उरतातच, म्हणून उकळून पुन्हा डब्यात पाच तास ठेवलं तर खेळ पहिल्यापासून सुरू. आणि रात्रभर उबेत राहिलेलं पातेलं उकळीच्या भरवशावर वाचवू नये, कारण त्यात दुसरे कुठले जंतू वाढले आणि त्यांनी काय विष सोडलं हे आपल्याला ठाऊक नसतं.

भाताचं तर वेगळंच सांगायला हवं. रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू विष तयार करून ठेवू शकतो, आणि ते विष तव्यावर, कुकरमध्ये, कशानेच मोडत नाही. सकाळच्या फोडणीच्या भाताने उलट्या होतात त्या बहुधा यामुळे. भात उरणार असं दिसलं तर ताटात पसरून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात, घरातली हवा बत्तिशीच्या वर असेल तेव्हा, एका तासाच्या आत. फ्रीज नसेल तर उरलेला भात जनावराला घाला, लेकराला नको.

मटणाच्या रविवारी

पातेलं सुटल्यावर त्रास बराचसा थांबला, पण एकदा पुन्हा झाला, आणि या वेळी दोघांना तापही होता. वेळही वेगळी होती, जेवणानंतर जवळजवळ दीड दिवसाने. मी मावशींना म्हटलं, मला फक्त मटणाच्या दिवशीचा स्वयंपाक पहिल्यापासून करून दाखवा. त्यांनी विळीवर मटणाचे मोठे तुकडे सारखे केले, विळी पाण्याने विसळली, मसोत्याने पुसली आणि त्याच विळीवर कांदा-कोथिंबीर चिरली. मटण शिजणार होतं. कांदा-कोथिंबीर कच्चीच ताटात येणार होती. त्या मसोत्याने मग ताटंही पुसली गेली.

त्या वेळच्या आजाराचं कारण हेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, नमुना तपासला गेला नव्हता. पण ही वाट बंद करणं सोपं होतं. कच्चं लागणारं सगळं आधी चिरून झाकून ठेवायचं, मटण शेवटी. नंतर विळी आणि पाट साबणाने घासून उकळतं पाणी ओतायचं. मटणाला लागलेलं फडकं वेगळं. मसोती दोन केली, एक चुलीवरची भांडी उतरवायला, एक ओटा पुसायला, आणि ताटं पुसणं बंद करून ती पालथी घालून उन्हात वाळवायला सुरुवात केली. ओलं मसोतं दिवसभर खुंटीवर लटकलेलं असतं तेव्हा ते घरातली सगळ्यात घाणेरडी वस्तू असते. रोज रात्री उकळत्या पाण्यात टाकून सकाळी उन्हात, एवढं पुरतं. आपल्याकडे ऊन तरी भरपूर आहे.

हात धुण्याची अडचण मात्र मावशींच्या आळसाची नव्हती. मोरीत बादली आणि तांब्या असायचा, आणि खरकट्या हाताने तांब्या धरून तोच हात धुवायचा म्हणजे तांब्याच घाण. धाकट्या दीरांनी ओट्याशेजारी तोटीचा प्लास्टिकचा डबा बसवला, खाली पाणी साठवायला टोपलं. तोटी कोपराने उघडते, पाणी कमी लागतं, साबण तिथेच दोरीला बांधलेला. आता मटण हाताळल्यावर, शौचाहून आल्यावर, लेकराचं धुतल्यावर आणि भाकरीचं पीठ मळण्याआधी मावशी वीस सेकंद साबण चोळतात. राखेने हात चोळायची सवय सुटायला वेळ लागला.

रांधणाऱ्याचंच पोट बिघडलं तर

हा भाग घरातल्या कर्त्या माणसांसाठी आहे, मावशींसाठी नाही. रांधणाऱ्याला जुलाब लागले तर जुलाब थांबल्यावर पुढचे ४८ तास तिने स्वयंपाकाला हात लावू नये. हाताला चिघळलेली जखम असेल तर ती झाकल्याशिवाय अन्नाला हात नाही. पण पगार कापला जाणार असेल तर कुठली बाई सांगेल की माझं पोट बिघडलंय? मावशींनी मला नंतर सांगितलं की त्या अशा दिवशीही आल्या होत्या. मी घरच्यांपुढे विषय काढला आणि आजोबांनी तिथेच ठरवलं की आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापायचे नाहीत, त्या दिवशी सुना रांधतील. माझ्या मते या घरात झालेला सगळ्यात महत्त्वाचा बदल हाच.

एवढं करूनही पुन्हा झालं तर

आजारी माणसाला आधी पाणी पाजा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात, अख्खंच. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लहान मुलांना जुलाबात झिंक १४ दिवस द्यायचं असतं, ते आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतं. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल सुस्त पडलं, काही पोटात ठरेना किंवा शौचाला रक्त दिसलं, तर घरगुती उपाय सोडून सरळ दवाखाना.

आणि त्याच दिवशी वहीचं एक पान काढा. घरातल्या प्रत्येकाचं नाव लिहा, आजारी नसलेल्यांचंही. पुढे मागच्या दोन दिवसांत काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास किती वाजता सुरू झाला. संशय असलेलं अन्न उरलं असेल तर ते फेकण्याआधी थोडं स्वच्छ झाकणाच्या डब्यात घालून, वर "खाऊ नये" अशी चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. अँटिबायोटिक सुरू होण्याआधी शौचाचा नमुना दिला तर तपासणीतून काही हाती लागण्याची शक्यता वाढते. एकाच वेळी गल्लीतल्या दुसऱ्या घरांतही जुलाब सुरू झाले असतील, तर स्वयंपाकघरात शोधत बसू नका. त्या वेळी दोष पुन्हा पाण्यात असू शकतो, आणि जलसुरक्षकाला ओटी टेस्टसाठी लगेच बोलवायला हवं.